चंद्रावरून आलेला नॉइज आणि सिनेमातला ग्रेन : चेहरे प्लास्टिकचे का व्हायला लागले

सिटिझन केन मध्ये एक सीन आहे, बातमीदार थॉम्पसन म्हाताऱ्या बर्नस्टीनला भेटायला त्याच्या ऑफिसात जातो, बर्नस्टीनच्या मागे भल्यामोठ्या खिडक्या आहेत आणि बाहेर पाऊस लागलाय. पिक्चर १९४१ चा. २००१ साली त्याची डीव्हीडी आली, खूप मेहनतीने साफ केलेली, एक ओरखडा नाही की धूळ नाही, आणि त्यात त्या खिडकीबाहेरचा पाऊसच गायब झाला. कोणी मुद्दाम नाही काढला. पावसाचा थेंब म्हणजे बारीक, उजळ, एका फ्रेममध्ये इथे तर पुढच्या फ्रेममध्ये तिथे, आणि फिल्मचा ग्रेन, म्हणजे चित्रभर सळसळणारे बारीक कण, तोही अगदी तसाच वागतो, मग सॉफ्टवेअरने दोघांना एकाच झाडूने झाडून टाकलं. २०११ ला नव्या स्कॅनवरून ब्लू-रे आली तेव्हा पाऊस परत आला आणि ग्रेनही परत आला. आज आपण जुनं फुटेज डीनॉइज करून फोर-के ला अपस्केल करतो तेव्हा चेहरे लोणावळ्याच्या मेणाच्या पुतळ्यांसारखे का दिसतात, त्याचं मूळ मला या खिडकीत दिसतं.

ती डीव्हीडी साफ करणारी कंपनी होती जॉन लाउरी यांची लाउरी डिजिटल. लाउरींची सुरुवात मात्र सिनेमापासून झालेलीच नाही. १९७२ मध्ये अपोलो १६ चंद्रावर गेलं तेव्हा तिथून येणारं टीव्हीचं चित्र फार खरखरीत होतं, तर तो सिग्नल ह्यूस्टनहून कॅलिफोर्नियातल्या इमेज ट्रान्सफॉर्म या त्यांच्या कंपनीकडे पाठवायचे, तिथे साफ व्हायचा आणि मग लोकांच्या टीव्हीवर जायचा. अपोलो १७ लाही तेच. कल्पना साधी आहे, लागोपाठच्या फ्रेम एकमेकींशी ताडून बघायच्या, जे सगळ्यांत सारखं आहे ते खरं चित्र, जे दर फ्रेमला बदलतं ते फेकायचं. चंद्राच्या बाबतीत हे बरोबर होतं, कारण तिथली खरखर मुख्यतः लाखो किलोमीटरच्या प्रवासात सिग्नल क्षीण झाल्यामुळे चढलेली होती, चित्राचा आणि तिचा काही संबंध नव्हता.

फिल्ममध्ये नेमकं हेच लागू होत नाही, आणि माझं सगळं म्हणणं या एका फरकावर उभं आहे. फिल्मवर आधी चित्र असतं आणि मग वरून ग्रेन पडतो असं नाहीये. फिल्मच्या थरात सिल्व्हर हॅलाइडचे कण विखुरलेले असतात, लहान-मोठे, कुठेही पडलेले, उजेड लागला की डेव्हलप करताना त्यांची चांदी होते आणि त्या चांदीच्या पुंजक्यांतूनच चित्र बनतं (कलर फिल्ममध्ये चांदी नंतर धुऊन काढतात, तिच्या जागी रंगाचे बारीक ढग राहतात). म्हणजे ग्रेन काढून टाकल्यावर खाली शिल्लक राहील असं वेगळं चित्र नसतंच. दर फ्रेमला कण नवे, त्यांच्या जागा नव्या, त्यामुळे गालावरचं एखादं बारीक छिद्र या फ्रेममध्ये थोडं पकडलं जातं, पुढच्यात थोडं वेगळं, आणि सेकंदाला २४ फ्रेम डोळ्यासमोरून गेल्या की डोळा आपोआप त्यांची बेरीज करतो. म्हणूनच पिक्चर पॉज केला की खरबरीत वाटतो आणि चालू केला की जिवंत.

डीव्हीडीच्या काळात हे फारसं कोणाच्या लक्षात आलं नाही आणि त्याला तसं कारणही होतं. इतक्या कमी रेझोल्यूशनला ३५ एमएमचा खरा ग्रेन दिसतच नाही, त्याचे ठोकळे होतात आणि बिटरेट मात्र तो भरपूर खातो, कारण कॉम्प्रेशन चालतं मागच्या फ्रेमसारखं पुढच्या फ्रेममध्ये काय आहे यावर, आणि ग्रेनमध्ये मागच्यासारखं काहीच नसतं. तेव्हा थोडा ग्रेन कमी करणं हा व्यवहार होता, मी त्याला दोष देत नाही.

गडबड झाली ती २००६ नंतर, ब्लू-रे आली तेव्हा. आता ग्रेन ग्रेनसारखा दिसण्याइतकं रेझोल्यूशन होतं, पण नवीन फ्लॅट टीव्ही घेतलेल्या कित्येक लोकांना तो बिघाड वाटला, एवढे पैसे टाकून एचडी घेतलं आणि हे मुंग्या चालल्यासारखं काय दिसतंय. मग स्टुडिओंनी इस्त्री फिरवायला सुरुवात केली. पॅटन ६५ एमएमवर शूट झालेला पिक्चर, म्हणजे निगेटिव्ह एवढी मोठी की ग्रेन मुळातच बारीक, तरी २००८ च्या डिस्कमध्ये त्याला घासून काढलं आणि २०१२ ला ती परत नीट करून काढावी लागली. प्रेडेटरची २०१० ची डिस्क तर या विषयातलं ठरलेलं उदाहरण झालंय, जंगलात घामाने निथळणारी माणसं आणि कातडी मात्र पॉलिश केलेली. २०१७ ला टर्मिनेटर २ च्या फोर-के डिस्कचं तेच झालं, आणि २०२४ ला एलियन्स आणि ट्रू लाइज च्या फोर-के डिस्कवर पुन्हा तोच वाद, फक्त आता मशीन लर्निंगवाले मॉडेल आले होते. जुने फिल्टर तपशील पुसायचे, हे मॉडेल पुसतात आणि शिवाय त्या जागी स्वतःच्या अंदाजाने नवीन काढून ठेवतात, लांबवरचा चेहरा असेल तर पापण्या आणि दात हे फिल्मवर नव्हतेच असे उगवतात. पुसलेलं निदान कळतं, हे पटकन कळत नाही, म्हणून मला हे जास्त धोक्याचं वाटतं.

आता घरी बसून करणाऱ्यांसाठी. हिशोब असा आहे की एकमेकांशी संबंध नसलेला ग्रेन असलेल्या ३ फ्रेमची सरासरी काढली तर ग्रेन साधारण ५८ टक्के उरतो, ५ फ्रेमची काढली तर ४५, ९ ची काढली तर ३३, म्हणजे वर्गमुळाच्या हिशोबाने कमी होत जातो. पहिल्या दोन शेजारच्या फ्रेममुळे बराच फायदा मिळतो आणि नंतर फ्रेम वाढवत गेलं तर फायदा थोडा आणि हलणाऱ्या गोष्टी चुकीच्या जुळण्याचा धोका मात्र खूप. म्हणून मी मागची एक आणि पुढची एक एवढ्यावर थांबतो. व्हेपरसिंथ या स्क्रिप्टने व्हिडिओवर काम करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एमव्हीटूल्स हे प्लगइन वापरून ते असं होतं, `src` म्हणजे आपलं मूळ फुटेज :

```
sup = core.mv.Super(src)
b1 = core.mv.Analyse(sup, isb=True, delta=1, overlap=4)
f1 = core.mv.Analyse(sup, isb=False, delta=1, overlap=4)
clean = core.mv.Degrain1(src, sup, b1, f1, thsad=300)
diff = core.std.MakeDiff(src, clean)
```

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. `diff` म्हणजे आपण जे काढून टाकलं ते, करड्या पार्श्वभूमीवर. ते नुसतं लावून बघायचं. सगळीकडे एकसारखी वाळू सळसळतेय असं दिसलं तर जे गेलं तो ग्रेनच होता. पण त्या वाळूत भुवईची रेघ दिसली, साडीचा काठ दिसला, ओठांची कड दिसली, तर फिल्टर चित्र खातोय, `thsad`, म्हणजे फ्रेम-फ्रेममधला किती फरक चालवून घ्यायचा ती मर्यादा, खाली आणायचा, ३०० वरून २०० वर, आणि परत बघायचं. साफ झालेलं चित्र बघून हे कधीच कळत नाही कारण साफ चित्र पहिल्या नजरेला छानच दिसतं, टाकलेला कचरा बघितल्यावरच कळतं की त्यात काय काय गेलं. केन च्या खिडकीचा असा कचरा कोणी लावून बघितला असता तर करड्या पडद्यावर पाऊस पडताना दिसला असता.

वाळू सगळीकडे सारखी म्हणालो पण त्यातही एक बारकावा आहे, ग्रेन मधल्या टोनमध्ये जास्त दिसतो, अगदी काळ्यात आणि अगदी पांढऱ्यात कमी, तेव्हा गालावर दाट आणि दिव्याच्या झोतात विरळ असेल तर ते बरोबरच आहे. आणि डिझॉल्व्ह किंवा टायटल आले की ग्रेन एकदम जाड होतो, कारण जुन्या काळी ते ऑप्टिकल प्रिंटरवर कॉपीची कॉपी करून बनायचे, दर कॉपीला नव्या फिल्मचा ग्रेन वरून चढायचा. पूर्ण पिक्चरला एकच सेटिंग लावलं तर नेमके हे तुकडे वेगळे उठून दिसतात, त्यांना वेगळं काढूनच करावं लागतं.

अपस्केल करताना क्रम चुकला की सगळं फुकट. ग्रेनसकट फुटेज मॉडेलला दिलं तर त्याला दोनच गोष्टी सुचतात, एकतर ग्रेन पुसून मेण करायचं, नाहीतर ग्रेनलाच पोत समजून त्याच्या अळ्यांसारख्या वळवळणाऱ्या रेघा काढायच्या. म्हणून दोन वाटा वेगळ्या ठेवायच्या, साफ चित्र मॉडेलमधून न्यायचं आणि ग्रेन साध्या बायक्युबिकने मोठा करून नंतर परत घालायचा. पूर्ण ग्रेन नको असेल तर आधी अर्धा करून घ्यायचा :

```
half = core.std.Merge(src, clean, weight=0.5)
grain = core.std.MakeDiff(half, clean)
grain_up = core.resize.Bicubic(grain, clean_up.width, clean_up.height)
out = core.std.MergeDiff(clean_up, grain_up)
```

इथे `clean_up` म्हणजे मॉडेलमधून मोठं होऊन आलेलं साफ चित्र, फॉरमॅट आणि बिट डेप्थ `grain` सारखीच पाहिजे. असं परत घातलेला ग्रेन हा त्याच फिल्मचा त्याच फ्रेमचा ग्रेन असतो, त्यामुळे त्याच्याबरोबर फिल्टरने चुकून खाल्लेल्या तपशिलातलाही अर्धा परत येतो, जे वरून शिंपडलेल्या खोट्या ग्रेनने होत नाही. मर्यादा एवढीच की तो थोडा मऊ, फुगीर दिसतो, कारण खऱ्या फोर-के स्कॅनमध्ये जो बारीक ग्रेन दिसला असता तो आपल्याकडे कधी आलाच नव्हता. तेव्हा त्यावर अगदी हलका बारीक ग्रेन `core.grain.Add` ने घातला तर चालतं, पण `constant=True` नाही ठेवायचं, नाहीतर एकच ग्रेन सगळ्या फ्रेमवर स्थिर बसतो आणि मळक्या काचेतून बघितल्यासारखं वाटतं.

एवढं करून एन्कोड करताना परत तोच जुना बिटरेटचा प्रश्न येतो. त्याच्यावर तोडगाही जुना आहे, ब्लू-रेशी स्पर्धा करणाऱ्या एचडी डीव्हीडीच्या स्टँडर्डमध्येच अशी सोय होती की ग्रेन काढून पाठवायचा, सोबत त्याचं वर्णन पाठवायचं आणि प्लेअरने तो परत तयार करायचा, पण तो फॉरमॅटच बुडाला. २०१८ ला एव्ही१ हा व्हिडिओ कोडेक आला त्यात ही सोय मुळापासून आहे, ग्रेनचा एक ६४ बाय ६४ चा नमुना बनतो, त्यातून ३२ बाय ३२ चे तुकडे कुठूनही उचलून चित्रावर बसवतात आणि कुठल्या उजेडाला किती जोर लावायचा तेही सांगितलेलं असतं, २०२५ पासून नेटफ्लिक्स हे मोठ्या प्रमाणावर वापरतंय. फाइल खूप लहान होते आणि लांबून बघताना पोत तसाच वाटतो. पण हा ग्रेन वर्णनावरून बनवलेला आहे, एन्कोडरने आधी डीनॉइज करताना जर पाऊस खाल्ला असेल तर प्लेअर त्या जागी ग्रेन टाकेल, पाऊस नाही, म्हणून एन्कोडरचं स्वतःचं डीनॉइज किती जोरात चाललंय हे ग्रेन बंद करून एकदा प्ले करून बघायचं, आणि बघताना चेहऱ्यावर नाही, मागच्या खिडकीवर नजर ठेवायची.