१४४ वर अडलेला गेम आणि १३८ वर थांबवलेला गेम

मॉनिटर १४४ हर्ट्‌झचा आहे आणि ग्राफिक्स कार्ड तुमच्या गेममध्ये सेकंदाला २०० फ्रेम सहज काढतंय, असं धरू. व्ही-सिंक चालू केलं की कोपऱ्यातला एफपीएसचा आकडा १४४ वर येऊन बसतो. गेममध्ये १३८ ची मर्यादा घातली, तर तो १३८ वर बसतो. दोन्हीकडे कार्डाला लगामच घातलाय, म्हणून बरेच जण दोन्ही एकच समजतात आणि विचारतात, व्ही-सिंक आहे ना, मग वेगळी मर्यादा कशाला? पण माऊस झटकन डावीकडे-उजवीकडे फिरवून बघा. १४४ वाला गेम हाताच्या मागून ओढल्यासारखा येतो आणि १३८ वाला हाताबरोबर फिरतो. सहा फ्रेम कमी असूनही!

याचं कारण फ्रेमच्या संख्येत नाही. गेमला कुठल्या ठिकाणी थांबवलं जातं, त्यात आहे.

१४४ हर्ट्‌झचा मॉनिटर दर ६.९४ मिलिसेकंदांनी वरून खालपर्यंत नवं चित्र काढतो. तो अर्ध्यावर असताना कार्डाने नवी फ्रेम पुढे केली, तर वरचा भाग जुन्या फ्रेमचा आणि खालचा नव्या फ्रेमचा दिसतो. हेच टेअरिंग. व्ही-सिंक तयार फ्रेम हातात धरून ठेवतं आणि मॉनिटर पुन्हा वरून सुरू करेल तेव्हाच सोडतं. आपल्या कार्डाची फ्रेम ५ मिलिसेकंदांत तयार होते, म्हणजे दर खेपेला ती जेमतेम २ मिलिसेकंद थांबते. एवढ्याने हाताला काही कळायचं कारण नाही.

खरी गडबड तिच्या मागे होते. कार्ड थांबलेलं असलं तरी प्रोसेसर थांबत नाही. तो माऊस कुठे आहे ते वाचतो, पुढच्या फ्रेमची तयारी करतो आणि ती रांगेत लावून देतो. मग आणखी एक. डायरेक्टएक्समध्ये अशा ३ फ्रेमपर्यंत पुढे जायची मुभा मुळातच असते. कार्ड मॉनिटरपेक्षा वेगवान असल्यामुळे ही रांग भरते आणि भरलेलीच राहते. आता तुम्ही पडद्यावर जी फ्रेम बघता, तिच्यासाठी माऊस दोन-तीन फेऱ्यांपूर्वी वाचलेला असतो. १४४ हर्ट्‌झवर हा उशीर साधारण १४ ते २१ मिलिसेकंदांचा, आणि ६० हर्ट्‌झवर ३३ ते ५० चा. ६० हर्ट्‌झच्या मॉनिटरवर व्ही-सिंक लावून नेमबाजीचा गेम खेळताना निशाणा चिखलातून ओढल्यासारखा का वाटतो, ते यावरून लक्षात येईल.

गेमच्या आतली मर्यादा याच्या बरोबर उलट वागते. १३८ म्हणजे दर फ्रेमला ७.२५ मिलिसेकंद. फ्रेम ५ मिलिसेकंदांत झाली, तर उरलेला वेळ गेम पुढची फ्रेम सुरू करण्याआधीच घालवतो, मग माऊस वाचतो आणि काम कार्डाकडे देतो. कार्ड तेव्हा रिकामंच असतं, त्यामुळे रांग लागत नाही. थांबणं दोन्हीकडे आहे. व्ही-सिंकमध्ये माऊस वाचल्यानंतर फ्रेम पडून राहते, मर्यादेत आधी थांबून मग ताजा माऊस वाचला जातो.

इथे एक गैरसमज मात्र दूर करायलाच हवा. नुसत्या मर्यादेने टेअरिंग जात नाही. रिफ्रेश रेट स्थिर असलेल्या मॉनिटरवर व्ही-सिंक बंद ठेवून १३८ ची मर्यादा घाला. फाटलेली रेघ पडद्यावरून सरकत जाताना दिसेल, सेकंदाला सुमारे ६ वेळा, कारण १४४ आणि १३८ मधला फरक ६ आहे. २०० फ्रेमला विखुरलेल्या रेघांपेक्षा ही सरकणारी रेघ डोळ्याला जास्त खुपते. त्याच मॉनिटरवर व्ही-सिंकही चालू केलं तर रेघ जाते, उशीरही कमी राहतो, पण सेकंदाला ६ वेळा तीच फ्रेम दोनदा दाखवावी लागते आणि कॅमेरा वळवताना हिसके बसतात. ‘थोडं खाली’ मर्यादा घालण्याची युक्ती पूर्णपणे जमते ती जी-सिंक किंवा फ्रीसिंक असलेल्या मॉनिटरवर. तिथे मॉनिटरच फ्रेमची वाट बघतो आणि ती आली की चित्र काढायला घेतो. टेअरिंग घालवायचं काम त्याचं, मर्यादेचं नव्हे.

मर्यादेचं काम आहे फ्रेम त्याच्या आवाक्यात ठेवणं. मॉनिटर सावकाश चालू शकतो, पण ६.९४ मिलिसेकंदांपेक्षा लवकर पुढचं चित्र सुरू करू शकत नाही. फ्रेम त्याआधी आल्या की जी-सिंकचं काहीच चालत नाही आणि सगळा कारभार पुन्हा व्ही-सिंककडे, म्हणजेच रांगेकडे जातो.

मग मर्यादा १४४ च का नको? कारण आकडा हा सेकंदाचा हिशेब आहे, फ्रेम मात्र एकेक करून येतात. एक ६.८ मध्ये, दुसरी ७.१ मध्ये. सरासरी १४४ आली तरी निम्म्या फ्रेम लवकरच पोचतात. ३ फ्रेम खाली, म्हणजे १४१, हा जुना नियम १४४ हर्ट्‌झवर ०.१५ मिलिसेकंदाची सवड देतो. तोच नियम २४० हर्ट्‌झवर लावला, तर सवड ०.०५ च राहते आणि ती पुरत नाही. म्हणून मला पुढचं सूत्र जास्त भरवशाचं वाटतं:

```
cap = Hz - (Hz * Hz / 3600)
```

यातून १४४ ला १३८, २४० ला २२४ आणि ६० ला ५९ मिळतात, आणि सवड सगळीकडे ०.२८ मिलिसेकंदाच्या आसपास राहते. जी-सिंक आणि व्ही-सिंक चालू असताना एन्व्हिडियाचं उशीर कमी करणारं रिफ्लेक्सही १४४ हर्ट्‌झवर आपोआप १३८ वरच थांबतं.

एन्व्हिडियाच्या कार्डावर मांडणी अशी करा. कंट्रोल पॅनलमध्ये जी-सिंक चालू, तिथेच Vertical sync ला On, आणि गेममधलं व्ही-सिंक बंद. एखादी फ्रेम तरीही लवकर आली, तर पडद्याच्या तळाशी रेघ उमटू नये यासाठी हे व्ही-सिंक ठेवायचं. मर्यादा शक्यतो गेमच्याच सेटिंगमध्ये घाला. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये कन्सोलवर एवढंच लिहायचं:

```
fps_max 138
```

गेममध्ये सोय नसेल तर कंट्रोल पॅनलमधलं Max Frame Rate वापरा. ते माऊस वाचल्यानंतरच्या टप्प्यावर अडवतं, म्हणून उशीर थोडा वाढतो, तरी भरलेल्या रांगेपेक्षा बराच कमी. आणि हे सगळं करण्याआधी विंडोजमध्ये मॉनिटर खरोखर १४४ वर आहे ना, ते बघून घ्या. नवा मॉनिटर ६० वरच चालत राहिलेला बऱ्याच जणांकडे सापडतो.

जमलं की नाही ते आकड्यावरूनच कळतं. तो १३८ वर असेल तर ठीक. १४४ वर चिकटला असेल, तर मर्यादा लागूच झालेली नाही आणि गेम व्ही-सिंकवर टेकलाय. बऱ्याच मॉनिटरच्या मेन्यूत चालू रिफ्रेश रेट दाखवायची सोय असते. तो आकडा एफपीएसबरोबर वर-खाली होत असेल तर जी-सिंक काम करतंय. १४४ वरच ठाम असेल, तर ते चालूच झालेलं नाही.

जड गेममध्ये कार्ड ९० च फ्रेम काढत असेल, तर १३८ ची मर्यादा असून नसल्यासारखीच. कार्ड ९९ टक्क्यांवर राबत असलं की रांग त्याच्यामुळेच लागते, व्ही-सिंकचा त्यात दोष नाही. तिथे ग्राफिक्सची सेटिंग उतरवा, गेममध्ये रिफ्लेक्स असेल तर ते लावा, किंवा मर्यादा ८५ पर्यंत खाली आणा, म्हणजे कार्डाला श्वास घ्यायला जागा मिळेल. आणि ज्यांना स्पर्धेत शेवटचा मिलिसेकंदही सोडायचा नाही, त्यांनी सिंक आणि मर्यादा दोन्ही काढून ३००-४०० फ्रेम धावू द्याव्यात. टेअरिंग दिसेल, पण फाटलेल्या चित्राचा खालचा तुकडा तरी सगळ्यात ताजा असतो.