कँटीनची चपाती: हाताची आणि मशीनची, कणीक एक नाही आणि वेळही एक नाही

कँटीनमध्ये मशीन आलं की पहिल्या आठवड्यातच तक्रार येते, चपाती वातड झाली. बहुतेक ठिकाणी होतं काय, तर हाताने लाटायला जी कणीक मळत होते तीच मशीनला देतात आणि दोष मशीनवर जातो.

हाताने लाटताना बाई गोळ्याला चार बाजूंनी हळूहळू पसरवते, मध्ये तेल लावून घडी घातली तर पदरही सुटतात, आणि कणीक जरा घट्ट असली तरी पिठीवर चालून जाते. प्रेसवाल्या मशीनमध्ये गोळा दोन गरम प्लेटांमध्ये एकदम दाबला जातो. कणीक घट्ट असली किंवा मुरलेली नसली की ती रबरासारखी मागे आखडते, चपाती जाड आणि लहान होते, कडा फाटतात, आणि फाटलेली चपाती फुगत नाही कारण वाफ बाहेर निघून जाते. म्हणून चक्कीच्या आट्याला हातासाठी किलोला 650 मिली पाणी घालत असाल तर मशीनसाठी 50-60 मिली जास्त घाला, कोमट घ्या, थोडं तेल घाला आणि ओल्या कपड्याखाली निदान अर्धा तास मुरू द्या. गोळे केल्यावर पुन्हा दहा मिनिटं. ही दहा मिनिटं घाईत सगळे खातात आणि नेमकी तीच महत्त्वाची असतात. आट्याची गोणी बदलली की पाण्याचा अंदाज परत घ्यायचा, कारण चक्कीचा बारीक आटा पाणी जास्त पितो.

आता वेळेचं बघू. समजा 300 माणसं आणि प्रत्येकी 4 चपात्या, म्हणजे 1200. किलोभर आट्यातून 36 ग्रॅमचे साधारण 45 गोळे निघतात, तर आटा लागतो 27 किलो. सराईत बाई मिनिटाला दोन लाटते असं धरलं तर तिघी लाटणाऱ्या आणि एकजण मोठ्या तव्यावर भाजणारी मिळून तासाला 360, म्हणजे सगळं काम तीन तास वीस मिनिटांचं. साडेबाराच्या सुट्टीसाठी नऊ वाजून दहा मिनिटांनी सुरुवात, आणि पहिली चपाती ताटात पडते तेव्हा ती तीन तासांची शिळी असते. तासाला 1000 काढणारं मशीन असेल तर अकरा-सव्वाअकराला चालू केलं तरी चालतं. माझ्या मते मशीनचा खरा फायदा हा आहे, माणसं कमी लागतात तो नंतरचा. पण लोक काय करतात, मशीन आहे ना मग सकाळी आठलाच काढून ठेवू, आणि मग फायदाच गेला, कारण तेल लावलेली घडीची चपाती डब्यात जितका वेळ तग धरते तितका मशीनची बिनपदराची चपाती धरत नाही.

भाजण्यातही फरक आहे. चपाती मऊ राहते ती आत राहिलेल्या पाण्यामुळे, म्हणून तापमान जास्त आणि वेळ कमी हे दोन्हीकडे लागू. तव्यावरच्या बाईला फुगलेली दिसली की ती लगेच उचलते, मशीनचा पट्टा मात्र सगळ्यांना सारखाच वेळ भाजतो. आच कमी ठेवून पट्टा हळू चालवला की चपाती छान दिसते पण सुकते. ओळखायचं कसं? दहा गोळे वजन करा, त्याच दहा चपात्या बाहेर आल्या की लगेच पुन्हा वजन करा, आणि हा आकडा रोज वहीत लिहा. घट आधीपेक्षा वाढलेली दिसली की आच वाढवून पट्ट्याचा वेग वाढवायचा. दुसरी साधी खूण म्हणजे तासाभराने चपाती चार पदरी दुमडायची, घडीवर चीर पडली तर पाणी कमी.

डब्यात भरताना दोन्ही चपात्यांना एकच नियम. तव्यावरून किंवा पट्ट्यावरून थेट डब्यात टाकली तर वाफेने झाकणाला घाम सुटतो, खालच्या चपात्या चिकटून लगदा होतात. अर्धा-एक मिनिट जाळीवर वाफ जाऊ द्यायची आणि मग सुती कपडा घातलेल्या गरम डब्यात ठेवून कपडा वरून दुमडायचा, ओला झाला की बदलायचा. जास्त वेळ उघड्यावर ठेवलीत तर कडा कडक होतात, त्यामुळे पंख्याखाली अजिबात नको. थप्पी फार उंच करू नका, वजनाने खालच्या दबतात, त्यापेक्षा छोटे डबे जास्त ठेवा आणि जो आधी भरला तो आधी काढा.

उरलेल्या चपात्या आणि पाव, दोन्ही फ्रिजमध्ये ठेवू नका, त्या थंडाव्यात स्टार्च लवकर घट्ट होतो. पाव त्याच दिवशी लागेल तेवढाच बेकरीतून मागवा. उरलेली चपाती झाकण ठेवून तव्यावर पाण्याचा हबका मारून गरम केली की पुन्हा मऊ होते, पण ती लगेच खायची, दुसऱ्यांदा डब्यात गेली की कामातून गेली.