काकांना ‘तुम्ही’ म्हणा, ‘आपण’ नको

मोठ्यांना ‘तुम्ही’ म्हणणं जरा उद्धटपणाचं आणि खरा आदर ‘आपण’मध्ये, हा समज हल्ली इतका पसरलाय की चांगलं मराठी बोलणारी मुलंही सख्ख्या काकांशी कार्यक्रमाच्या निवेदकासारखी बोलायला लागली आहेत. ‘तू’चा प्रश्न इथे नाही. आईला, आजीला ‘तू’ म्हणायचं की नाही, ही ज्याच्या त्याच्या घरची रीत.

गोंधळ बराचसा हिंदीमुळे होतो. हिंदीत तू, तुम, आप अशा तीन पायऱ्या आहेत आणि मधली ‘तुम’ वडीलधाऱ्यांना चालत नाही. मग ‘तुम’सारखा दिसतो म्हणून ‘तुम्ही’ही कमीपणाचा ठरतो आणि ‘आप’सारखं दिसतं म्हणून ‘आपण’ चढतं. पण मराठीत ‘आप’चं काम ‘तुम्ही’च करतो. सासरे, मुख्याध्यापक, डॉक्टर, शेजारचे आजोबा, सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हटलं की आदर पूर्ण झाला, काही शिल्लक राहिलं नाही. ‘आपण’ने आदर वाढत नाही, अंतर वाढतं. अनोळखी माणसाला फोनवर ‘आपण कोण बोलताय?’ विचारताना, अर्जात किंवा व्यासपीठावरच्या पाहुण्यांसाठी ते अंतर योग्यच असतं. घरात मात्र ते टोचतं. उशिरा आलेल्या नवऱ्याला बायको ‘आलात का आपण?’ म्हणते, तेव्हा त्यात आदर शोधू नये.

पण माणसं खरी अडखळतात ती पुढे. ‘आपण’चा रोजचा अर्थ ‘मी आणि तू मिळून’ असा आहे, ‘आपण जाऊ’, ‘आपण जेवलो’ यातला. (तुला वगळून आम्ही, ते ‘आम्ही’.) शब्द एकच असल्यामुळे समोरच्याला म्हटलंय की दोघांना, हे क्रियापद सांगतं: ‘आपण याल’ म्हणजे तुम्ही, ‘आपण येऊ’ म्हणजे दोघं. जिथे क्रियापद हे सांगत नाही, तिथे फजिती होते.

पुतण्या फोनवर विचारतो, ‘काका, आपण उद्या डॉक्टरांकडे जाणार ना?’ काका खूश होऊन म्हणतात, ‘तू येतोयस? मग रिक्षा नको सांगायला.’ पुतण्या पुण्यात, काका साताऱ्यात. चूक काकांची नाही. ‘जाणार’ला पुरुष नसतो. मी, तू, ते, सगळ्यांना एकच रूप. ‘आपण जाणार आहात ना?’ म्हटलं असतं तर ‘आहात’ने निकाल लावला असता. ‘तुम्ही जाणार ना?’ म्हटलं असतं तर प्रश्नच आला नसता.

तीच गत भूतकाळात. ‘आपण गोळी घेतली का?’ यात कोणी घेतली ते कळत नाही, ‘आपण गोळी घेतलीत का?’ यात कळतं. सगळा भार शेवटच्या ‘त’वर आहे. बोलताना आपण तो सर्रास गिळतो. ‘तुम्ही गोळी घेतली का?’ तरीही चालून जातं, कारण कोणाला विचारलंय ते ‘तुम्ही’नेच सांगितलेलं असतं. ‘आपण’ वापरायचं असेल तर ‘त’ गिळायची सोय नाही. आणि हो, ‘आपण कधी येतात?’ हे तर कुठलंच मराठी नाही. ‘आप कब आते हैं’वर मराठी प्रत्यय चिकटवलाय. ‘आपण कधी येता?’ म्हणा.

‘आपला’, ‘आपल्याला’ या रूपांना तर क्रियापदाचीही मदत मिळत नाही. ‘काका, आपल्या घराचे कागद कुठे ठेवलेत?’ तुम्ही अदबीने त्यांच्या घराबद्दल विचारलंत, त्यांनी ऐकलं की पुतण्या वाटणी मागायला लागला. इथे ‘तुमच्या घराचे’ म्हणण्याला पर्याय नाही.

एक ‘आपण’ मात्र मला अजिबात सहन होत नाही, दवाखान्यातला. ‘आजोबा, आता आपण गोळी घ्यायची हं!’ गोळी आजोबाच घेणार असतात. हा आदराचा ‘आपण’ नव्हे. बाळाला भरवताना ‘आता आपण मंमं करायची’ म्हणतात, तो हा. बोलणाऱ्याचा हेतू प्रेमळ असतो, मान्य. पण आयुष्यभर शाळा चालवलेल्या माणसाला तो ऐकून राग येतो, आणि यायलाच हवा. ‘आजोबा, तुम्ही आता गोळी घ्या’ यात प्रेम कमी पडत नाही.

लग्नपत्रिकेवर ‘आपण सहकुटुंब सहपरिवार अगत्य यावे’ खुशाल छापा. तिथे वाचणारा कोण ते ठरलेलं नसतं आणि थाटही हवा असतो. ती पत्रिका काकांच्या हातात देताना मात्र म्हणा, ‘काका, तुम्ही आदल्या दिवशीच या.’