उंच डोंगरावर झोपेत श्वास का थांबतो?

समुद्रसपाटीवरून थेट चार हजार मीटर उंचीवर पोहोचलेल्या माणसाच्या शेजारी पहिल्या रात्री जागून पाहा. त्याचा श्वास हळूहळू मोठा होत जातो, मग लहान होत जातो आणि एकाएकी थांबतो. पाच, दहा, कधी पंधरा सेकंद छाती हलत नाही. मग एक मोठा श्वास येतो आणि तेच चक्र पुन्हा सुरू होतं. एक फेरा साधारण वीस ते तीस सेकंदांचा असतो. ऐकणाऱ्याची झोप उडते, आणि ते साहजिकच आहे. हवेत प्राणवायू विरळ असताना शरीराने श्वास वाढवायला हवा. तो थांबतो कसा?

याचं उत्तर शोधताना श्वासाचं नियंत्रण कोण करतं, तेच आधी नीट पाहावं लागतं. मेंदू जिथे मज्जारज्जूला मिळतो, तिथे लंबमज्जा आहे. तिच्यात प्री-बॉट्झिंगर नावाचा चेतापेशींचा छोटा समूह आहे. श्वासाची लय तिथून निघते, हे १९९१ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून समोर आलं. लंबमज्जेतून निघालेला आदेश मानेतल्या मज्जारज्जूपर्यंत येतो आणि तिथून फ्रेनिक चेतेमार्फत श्वासपटलाला मिळतो. ही लय आपोआप चालते, पण श्वास किती खोल आणि किती वेगाने घ्यायचा हे ठरवायला रक्तात काय चाललं आहे त्याची खबर लागते.

ही खबर दोन ठिकाणांहून येते. पहिलं ठिकाण मानेत आहे. डोक्याकडे जाणारी कॅरॉटिड धमनी जिथे दुभंगते, तिथे दोन्ही बाजूंना तांदळाच्या दाण्याएवढा कॅरॉटिड पिंड असतो. त्याच्या पेशी धमनीतल्या रक्ताचा प्राणवायू सतत तपासतात आणि तो कमी झाला की नवव्या मस्तिष्क चेतेतून लंबमज्जेला कळवतात. हे काम उलगडल्याबद्दल बेल्जियमचे कॉर्नेल हेमन्स यांना १९३८ चं नोबेल पारितोषिक मिळालं. पण या पिंडांचा एक स्वभाव लक्षात ठेवायला हवा. रक्तातला प्राणवायूचा दाब नेहमीच्या शंभराच्या आसपास असलेल्या आकड्यावरून (मिलिमीटर पाऱ्यात) थोडाफार उतरला, तर ते फारसे विचलित होत नाहीत. साठाच्या खाली गेला, की मात्र त्यांचा इशारा झपाट्याने वाढतो.

दुसरं ठिकाण खुद्द लंबमज्जेत, तिच्या पुढच्या पृष्ठभागाजवळ आहे. तिथल्या चेतापेशींना प्राणवायूशी देणंघेणं नाही, त्या पाहतात आम्लता. रक्तातला कार्बन डायऑक्साइड मेंदूभोवतीच्या अडसरातून सहज आत शिरतो, तिथल्या पाण्याशी मिळून कार्बनिक आम्ल बनतो आणि आम्लता वाढवतो. उलट रक्तातले हायड्रोजन आणि बायकार्बोनेट आयन हा अडसर चटकन ओलांडू शकत नाहीत. म्हणून या पेशींना सर्वात लवकर जाणवतो तो कार्बन डायऑक्साइडच. रोजच्या आयुष्यात श्वासाची सूत्रं मुख्यतः त्याच्याच हाती असतात. श्वास रोखून धरल्यावर जी असह्य तगमग होते, तिच्यात प्राणवायूच्या तुटवड्यापेक्षा साठलेल्या कार्बन डायऑक्साइडचा वाटा मोठा असतो. त्याचा दाब चाळिशीच्या आसपास राखणं हेच या यंत्रणेचं नित्याचं काम आहे.

आता चार हजार मीटरवर जाऊ. तिथे हवेचा दाब सुमारे ४६० मिलिमीटर पारा असतो. श्वासनलिकेत हवा ओलसर होते तेव्हा त्यातले ४७ पाण्याच्या वाफेचे होतात. उरलेल्या ४१३ पैकी एकवीस टक्के, म्हणजे साधारण ८७, हा प्राणवायूचा दाब. समुद्रसपाटीला हाच आकडा दीडशेच्या आसपास असतो. फुप्फुसांच्या वायुकोशांत कार्बन डायऑक्साइडही जागा घेतो. शरीर जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतं त्याहून थोडा जास्त प्राणवायू वापरतं, म्हणून त्याचा दाब चाळीस असेल, तर वायुकोशातला प्राणवायू सुमारे पन्नासने घटतो आणि हाती फक्त ३७ उरतात. कॅरॉटिड पिंड हे चालू देत नाहीत. ते श्वास वाढवायला लावतात. श्वसन एक तृतीयांशाने वाढलं, तर कार्बन डायऑक्साइड चाळीसवरून तीसवर येतो आणि प्राणवायू ३७ वरून जवळजवळ ५० वर चढतो. डोंगरावर माणूस उभा राहू शकतो तो या तेरा अंकांच्या कमाईमुळे.

पण ही कमाई फुकट मिळत नाही. कार्बन डायऑक्साइड उतरला म्हणजे लंबमज्जेभोवतीची आम्लता कमी झाली, आणि तिथल्या पेशी श्वास आवरायला सांगू लागल्या. एकाच वेळी मान म्हणते घे, मेंदू म्हणतो पुरे. जागेपणी या ओढाताणीत श्वास थांबत नाही, कारण जागृतीचीच एक वेगळी चालना श्वसनकेंद्राला मिळत असते. झोप लागली की ती चालना जाते. मग कार्बन डायऑक्साइडचा दाब झोपेतल्या नेहमीच्या पातळीहून जेमतेम तीन-चार अंकांनी खाली गेला, तरी श्वास पूर्ण थांबतो. थांबला की प्राणवायू उतरतो, कार्बन डायऑक्साइड चढतो, कॅरॉटिड पिंड खवळतात आणि मोठे श्वास सुरू होतात. त्या मोठ्या श्वासांनी कार्बन डायऑक्साइड पुन्हा धुऊन जातो.

यात भर घालतो तो विलंब. फुप्फुसातलं रक्त मानेपर्यंत पोहोचायला काही सेकंद लागतात. गिझरच्या नळाखाली पाणी थंड लागलं म्हणून आपण तोटी फिरवतो, गरम पाणी उशिरा येतं, तोवर आपण ती जास्तच फिरवलेली असते. श्वासाचंही तसंच होतं. कॅरॉटिड पिंड जितके जास्त संवेदनशील, तितके हेलकावे मोठे. १९८१ च्या एव्हरेस्टवरील संशोधन मोहिमेत, प्राणवायूच्या कमतरतेला ज्यांचा प्रतिसाद जोरदार होता त्यांच्यात रात्रीचे हे खंड ठळक दिसले, तर उंचीवरच वाढलेल्या शेर्पांमध्ये ते जवळजवळ नव्हते. मला या विषयात सर्वात विलक्षण वाटतं ते हेच: जो पिंड दिवसा माणसाला तारतो, तोच रात्री त्याचा श्वास हेलकावत ठेवतो.

पुढच्या काही दिवसांत मूत्रपिंडं जादा बायकार्बोनेट लघवीवाटे बाहेर टाकतात, मेंदूभोवतीच्या द्रवातलंही ते घटतं आणि कमी कार्बन डायऑक्साइडवरही आम्लता पुरेशी राहते. मेंदूचा 'पुरे' हा सूर मवाळ होतो. अ‍ॅसिटाझोलामाइड ही गोळी हेच काम घाईने करते. ती मूत्रपिंडांना बायकार्बोनेट सोडायला लावते, रक्त थोडं आम्ल होतं, श्वास एकसारखा वाढतो आणि झोपेतले खंड कमी होतात. ती घ्यायची की नाही हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. दारू आणि अफूवर्गीय औषधं मात्र या रात्री नकोतच. अफूवर्गीय औषधं तर थेट लंबमज्जेतल्या लयीलाच मंद करतात.

केवळ श्वासाचे हे हेलकावे म्हणजे आजार नव्हे. निरोगी माणसांतही ते सर्रास दिसतात. पण बसल्या जागी दम लागत असेल, डोकेदुखीसोबत उलट्या होत असतील, सरळ रेषेत चालताना तोल जात असेल किंवा बोलणं असंबद्ध वाटत असेल, तर मामला वेगळा आहे. फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचत असण्याची ती चिन्हं आहेत. अशा वेळी सकाळची वाट न पाहता, सुरक्षित मार्ग असेल तर रात्रीच त्या माणसाला सोबतीने खाली आणायचं.