पाच हजार नटांतून किती तपासायचे?

रबाळे एमआयडीसीतल्या एखाद्या जुळणीच्या कारखान्यात पुरवठादाराकडून ५,००० पितळी नटांचा लॉट आला, तर आवक तपासणीच्या टेबलावर पहिला प्रश्न वेळेचा असतो. प्रत्येक नटाच्या आट्यांमध्ये गो-नो-गो प्लग गेज फिरवून पाहायचे असते. गो बाजू पूर्ण आत गेली पाहिजे आणि नो-गो बाजू सुरुवातीच्या एक-दोन आट्यांतच अडली पाहिजे. एका नटाला अर्धा मिनिट धरले तरी सगळा लॉट तपासायला सुमारे ४२ तास लागतील. म्हणून नमुना घेतला जातो, आणि तो किती घ्यायचा यावर अनेक ठिकाणी ठरलेले उत्तर मिळते : ‘दहा टक्के काढा, एकही खराब निघाला नाही तर लॉट घ्या.’

हा नियम समान वागणूक देणारा वाटतो, पण तसा तो नाही. १०० नटांच्या लॉटमध्ये ५ टक्के माल सदोष असेल, तर दहा नटांच्या नमुन्यात त्यातला एकही न सापडण्याची शक्यता सुमारे ५८ टक्के आहे. म्हणजे असे वाईट लॉट निम्म्याहून अधिक वेळा पास होतील. याउलट २,००० नटांच्या लॉटमध्ये फक्त १ टक्का, म्हणजे २० नट सदोष असतील, तर २०० नटांच्या नमुन्यात ते सगळे चुकण्याची शक्यता जेमतेम १२ टक्के उरते आणि बऱ्यापैकी चांगले असे १०० पैकी ८८ लॉट परत जातात. नियम एकच असूनही छोट्या लॉटमध्ये खरेदीदार फसतो आणि मोठ्या लॉटमध्ये पुरवठादार भरडला जातो. याचे कारण असे की, लॉट नमुन्याच्या मानाने पुरेसा मोठा असला की संरक्षण नमुन्यातील नगांच्या प्रत्यक्ष संख्येवर अवलंबून असते; तो नमुना लॉटचा कितवा हिस्सा आहे याला जवळजवळ महत्त्व उरत नाही.

म्हणून हिशेब टक्क्यापासून सुरू न करता दोन्ही बाजूंनी मान्य केलेल्या धोक्यापासून सुरू करावा लागतो. समजा, असे ठरले की १ टक्का सदोष असलेला लॉट चांगला मानायचा आणि तो चुकून परत जाण्याचा धोका ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. ५ टक्के सदोष असलेला लॉट वाईट मानायचा आणि तो चुकून पास होण्याचा धोका १० टक्क्यांच्या आत असावा. पहिला धोका पुरवठादाराचा, दुसरा खरेदीदाराचा. हे चार आकडे हाती आले की पुढचे सगळे कागद-पेन्सिलने होते.

नमुन्यात एकही सदोष नट चालणार नाही, अशी अट आधी घालून पाहू. वाईट लॉटमधला एक नट चांगला निघण्याची शक्यता ०.९५ आहे, आणि ०.९५ ला स्वतःनेच ४५ वेळा गुणले की उत्तर ०.१० च्या किंचित खाली येते. म्हणजे ४५ नट तपासून खरेदीदार सुरक्षित होतो. पण त्याच ४५ नटांत १ टक्का सदोष असलेला चांगला लॉट पास होण्याची शक्यता ०.९९ चा ४५वा घात, म्हणजे सुमारे ०.६४ एवढीच आहे. शंभरातले ३६ चांगले लॉट परत जातील. पुरवठादाराला दिलेला शब्द पाळायचा असेल, तर नमुन्यात काही सदोष नट चालवून घ्यावे लागतात आणि त्याची भरपाई म्हणून नमुना वाढवावा लागतो. किती नट चालवून घ्यायचे, त्या संख्येला स्वीकृती अंक म्हणतात.

इथे पॉइसाँ या फ्रेंच गणितज्ञाचे वितरण कामी येते. नमुन्याची संख्या गुणिले सदोषाचे प्रमाण एवढे सदोष नट सरासरीने नमुन्यात येतात. ही सरासरी कळली की शून्य, एक, दोन, तीन सदोष येण्याच्या शक्यता तिच्यावरूनच काढता येतात. म्हणून प्रत्येक स्वीकृती अंकासाठी दोन सरासऱ्या कायमच्या ठरतात : एक, जिथे लॉट ९५ टक्के वेळा पास होतो, आणि दुसरी, जिथे तो १० टक्के वेळाच पास होतो. त्या अशा आहेत :

| स्वीकृती अंक | ९५% पास | १०% पास | गुणोत्तर |
|---|---|---|---|
| ० | ०.०५१ | २.३०३ | ४४.९ |
| १ | ०.३५५ | ३.८९० | १०.९ |
| २ | ०.८१८ | ५.३२२ | ६.५१ |
| ३ | १.३६६ | ६.६८१ | ४.८९ |
| ४ | १.९७० | ७.९९४ | ४.०६ |

आपल्या वाईट आणि चांगल्या प्रमाणांचे गुणोत्तर ५ भागिले १, म्हणजे ५ आहे. तक्त्यात वरून खाली येताना ज्याचे गुणोत्तर ५ किंवा त्याहून कमी आहे अशी पहिली ओळ निवडायची. ती ३ ची आहे. आता खरेदीदारासाठी ६.६८१ ला ०.०५ ने भागले की १३३.६ येतात, म्हणून नमुना निदान १३४ हवा. पुरवठादारासाठी १.३६६ ला ०.०१ ने भागले की १३६.६ येतात, म्हणून तो १३६ च्या वर जाऊ नये. या दोहोंमधला १३५ घेऊ. १३५ नट तपासायचे, तीनपर्यंत सदोष निघाले तर लॉट घ्यायचा, चौथा निघाला की परत पाठवायचा. सुमारे ६८ मिनिटांचे काम आहे.

तक्त्यावर विसंबायचे नसेल, तर बारावीच्या लॉग टेबलने पडताळा घेता येतो, आणि तो एकदा तरी स्वतः घ्यावा असे मला मनापासून वाटते, कारण त्यानंतर तक्त्यातले आकडे परके राहत नाहीत. वाईट लॉटसाठी सरासरी १३५ × ०.०५ = ६.७५. कंसातली बेरीज १ + ६.७५ + (६.७५ चा वर्ग ÷ २) + (६.७५ चा घन ÷ ६), म्हणजे १ + ६.७५ + २२.७८ + ५१.२६ = ८१.७९. तिला e च्या उणे ६.७५ व्या घाताने गुणायचे. त्यासाठी ६.७५ × ०.४३४३ = २.९३१५, आणि उणे २.९३१५ चा अँटिलॉग ०.००११७१. गुणाकार ०.०९५८ येतो, वाईट लॉट पास होण्याचा धोका ९.६ टक्के, म्हणजे ठरलेल्या मर्यादेच्या आत. सरासरी १.३५ धरून हेच केले तर ०.९५२ मिळतात, म्हणजे चांगला लॉट परत जाण्याचा धोका ४.८ टक्के.

हा हिशेब नमुना लॉटच्या दहाव्या भागाहून लहान असेपर्यंत चांगला बसतो. ४०० नटांच्या लॉटमधून १३५ काढले तर संरक्षण कागदावरच्यापेक्षा जास्त मिळते, म्हणजे आपण गरजेपेक्षा अधिक नट तपासत असतो. याहून घातक चूक वेगळी आहे. परत गेलेला लॉट ‘पुन्हा एकदा बघा’ म्हणून नव्या नमुन्यावर तपासला जातो. दोन संधी दिल्या तर वाईट लॉट पास होण्याची शक्यता ९.६ वरून १८ टक्क्यांवर जाते आणि तिसरी संधी दिली तर २६ वर. नमुना वरच्या खोक्यातूनच उचलला, तर मात्र यातला कुठलाच आकडा लागू होत नाही, कारण प्रत्येक नटाला निवडले जाण्याची सारखीच संधी मिळाली आहे हे हिशेबातच गृहीत धरलेले असते.

एक गृहीतक मात्र सहसा नजरेतून सुटते. सदोष नट हातात आला की तो ओळखला जाईलच, असे आपण मानतो. गेज झिजले असेल किंवा हात थकला असेल, तर तसे होत नाही. याची परीक्षा घेता येते : सदोष असल्याची आधीच खात्री केलेले ५० नट न सांगता नमुन्यांत मिसळून द्यावेत आणि किती पकडले गेले ते मोजावे. चाळीस सापडले, तर तपासणीला ५ टक्के सदोष लॉट ४ टक्क्यांचा दिसतो, आणि १३५ च्या नमुन्यात तो पास होण्याची शक्यता २१ टक्के होते, ठरवलेल्या धोक्याच्या दुपटीहून अधिक. चांगला लॉटही १ ऐवजी ०.८ टक्क्याचा दिसतो, म्हणून गुणोत्तर पाचच राहते आणि स्वीकृती अंकही तीनच. फक्त ६.६८१ ला ०.०४ ने आणि १.३६६ ला ०.००८ ने भागायचे. नमुना १६८ ते १७० च्या दरम्यान येतो. गेज बदलून होईपर्यंत आणखी तेहतीस नट, म्हणजे सतरा मिनिटे जास्त.