लाल्या: कपाशीचे पान लाल का होते, या जुन्या वादाची पार्श्वभूमी

सप्टेंबर उजाडला की पारोळा, धरणगाव, शिंदखेडा या पट्ट्यातल्या कृषी केंद्रांच्या काउंटरवर कपाशीची लाल पाने येऊन पडतात. "लाल्या आला, काहीतरी द्या," एवढीच तक्रार असते. बहुतेक वेळा पिशवीत मॅग्नेशियम सल्फेट आणि सोबत सूक्ष्म अन्नद्रव्यांची एक बाटली पडते. कधी त्याने गुण येतो, कधी येत नाही. आपण ज्याला लाल्या म्हणतो, त्या एका नावाखाली किमान चार वेगवेगळी दुखणी आहेत आणि त्यांतली दोनच खताने बरी होतात. ही गुंतागुंत कशी तयार झाली, ते पाहायला फार मागे जावे लागत नाही.

पानावरून भूक ओळखण्याचा शोध मात्र जुना आहे. १८४० च्या दशकात फ्रान्समध्ये पिवळ्या पडलेल्या पानांवर लोहक्षार लावून ती हिरवी करून दाखवली गेली. त्यानंतर दोनेक दशकांत जर्मनीत मातीशिवाय, नुसत्या क्षारांच्या पाण्यात रोपे वाढवून एकेक घटक काढून घेतला की पान कसे दिसते, हे नोंदवले गेले. आजही वापरात असलेला नियम याच तऱ्हेच्या निरीक्षणांवर उभा राहिला. जे अन्नद्रव्य झाडात हलू शकते, त्याची कमतरता खालच्या जुन्या पानांवर आधी दिसते, कारण झाड तिथून काढून नव्या पालवीला देते. नत्र, पालाश, मॅग्नेशियम यांचे तसे आहे. जे हलत नाही, त्याची कमतरता शेंड्यावर दिसते. लोह त्यातले. आपल्या चुनखडीयुक्त जमिनीत भुईमुगाचा शेंडा पिवळाधमक होतो आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, तो लोहाचा प्रकार. तसाच शिरांमधला पिवळेपणा खालच्या पानावर दिसला, तर संशय मॅग्नेशियमवर घ्यायचा.

कडा करपण्याचे गणित वेगळे आहे. मॅग्नेशियम हरितद्रव्याच्या कणाच्या मध्यभागी बसलेले असते. ते कमी पडले की हिरवा रंग शिरांच्या मधल्या भागातून आधी जातो आणि शिरांलगत शेवटपर्यंत टिकतो. पालाश कोणत्याही रंगद्रव्यात नसतो. तो पेशीतले पाणी आणि पानाची रंध्रे सांभाळतो. तो घटला की पाण्याचा ताण जिथे सर्वांत आधी पोहोचतो, ती टोके आणि कडा पिवळसर, मग तांबूस होऊन वाळतात. रावेर-यावलच्या केळीत हे ठळक दिसते. जुने पान टोकाकडून नारिंगी-पिवळे होत जाते, सुकते आणि पुढे देठाजवळ मोडून खाली लोंबते. केळीवाल्यांना हे पाठ आहे, म्हणून त्यात फार शिरत नाही. खरा गोंधळ कपाशीतच आहे.

खानदेशात देशी वाणांच्या जागी अमेरिकन जातीची कपाशी पसरली आणि १९७० नंतर संकरित वाण आले, तेव्हापासून लाल पानांची कुरकुर होतीच. पण ती वेचणी सुरू झाल्यावरची, थंडीतली कुरकुर होती. २००२ मध्ये बीटी कपाशीला देशात लागवडीची परवानगी मिळाली आणि पुढच्या काही वर्षांत जिल्हेच्या जिल्हे तिने व्यापले. त्यानंतर लाल्या ऑगस्ट-सप्टेंबरवर येऊन ठेपला. वाणांनाच खोट आहे, अशी चर्चा तेव्हा पारावर फार झाली. कारण त्याहून साधे होते. आधी बोंडअळी पहिल्या बहराची पात्या-फुले खाऊन पाडायची, मग झाड पुन्हा वाढायचे आणि बोंडांचा भार हळूहळू यायचा. बीटीत पहिलाच बहर टिकला. मुळे अजून उथळ असलेल्या झाडावर बरीच बोंडे एकदम भरू लागली. बोंडाला लागणारे नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम जमिनीतून त्या वेगाने येईना, म्हणून झाडाने ते पानांतून ओढले. खताची मात्रा मात्र शेतकऱ्याच्या डोक्यात जुन्या संकरित वाणाचीच राहिली.

आता चार दुखण्यांकडे येऊ. लाल रंग हे स्वतः कमतरतेचे चिन्ह नाही. हरितद्रव्य कमी झाले आणि पानात साखर साचली की झाड लाल रंगद्रव्य बनवते. निमित्त कोणतेही असो, रंग तोच येतो. म्हणून रंग सोडून बाकी सगळे पाहावे लागते.

मॅग्नेशियमच्या कमतरतेत खालच्या पानावर शिरा हिरव्या, मधला भाग जांभळट-लाल आणि पान सपाट राहते. नत्राच्या कमतरतेत असा शिरांचा नकाशा उमटत नाही. अख्खे पान आधी फिके, मग लालसर होते, देठही लाल होतो आणि झाड खुरटे दिसते. तुडतुड्यांच्या लाल्यात पानाची कड आधी पिवळी, मग विटकरी होते आणि पान कडांकडून खाली वळून वाटीसारखे होते. असे पान उलटे करून पाहिले तर फिकट हिरवी पिले तिरपी पळताना दिसतात. पानामागे दोन-तीन तुडतुडे असले तर खत बाजूला ठेवून आधी त्यांचा बंदोबस्त करायचा. चौथे दुखणे थंडीचे. नोव्हेंबरात रात्रीचे तापमान १५ अंशांच्या खाली उतरले की उन्हाकडची पाने सरसकट लाल होतात. तिथे फवारणीचा खर्च वाया जातो. मोठ्या पावसाने शेत तुंबून झाड अचानक मलूल होते आणि पाने लाल पडतात, तेही लाल्यातच मोजले जाते. तिथे पहिले काम चर काढून पाणी बाहेर घालण्याचे असते.

आणि इथेच वर सांगितलेला खालच्या-वरच्या पानांचा नियम फसतो. भरपूर बोंडे लागलेल्या कपाशीत पालाशची उशिराची कमतरता खालून दिसत नाही. ती शेंड्याकडच्या, नुकत्याच पूर्ण उमललेल्या पानांवर दिसते. पान पिवळसर, मग तांब्याच्या रंगाचे होते, कडा करपतात, पान जाड आणि ठिसूळ लागते. पालाश हलणारा आहे, हे खरेच. पण बोंडे तो इतका खेचतात की वरच्या पानांपर्यंत तो पोहोचतच नाही. पुस्तकातला नियम धरून बसणारे याला लोहाची किंवा जस्ताची कमतरता ठरवतात आणि मूळ दुखणे तसेच राहते.

पालाशचा विषय निघाला की २०१० चा निर्णय टाळता येत नाही. त्या वर्षी १ एप्रिलपासून स्फुरद आणि पालाश खतांना पोषणमूल्यावर ठरावीक अनुदान आले आणि विक्रीची किंमत कंपन्यांवर सोपवली गेली. युरिया त्यातून वगळला. आधी सव्वादोनशे रुपयांच्या आसपास मिळणारे म्युरेट ऑफ पोटॅशचे ५० किलोचे पोते दोनेक वर्षांत आठशेच्या घरात गेले. युरिया मात्र पावणेतीनशेच्या आतच राहिला. हिशेब मांडल्यास सरकारचा अनुदानाचा बोजा आवरणे हा हेतू समजतो. रुपया घसरला आणि जागतिक दर चढले, हेही खरे. पण खतांचा वापर संतुलित व्हावा म्हणून आणलेल्या योजनेत सर्वांत असंतुलित वापर होणारे खतच बाहेर ठेवले, तर शेतकरी काय करणार? त्याने पोटॅश सोडला आणि युरियाचे पोते वाढवले. आपल्या काळ्या जमिनीत पालाश मुळातच भरपूर आहे, तो द्यायची गरज नाही, हे मत तेव्हा सोयीचे ठरले. मातीच्या अहवालात आकडा मोठा येतो, हे खोटे नाही. पण आकडा पूर्ण हंगामाचा अंदाज देतो आणि बोंडे भरताना झाडाला तो पालाश दोन-तीन आठवड्यांत हवा असतो. त्यात पावसाचा खंड पडला तर कोरड्या चिकणमातीतून तो मुळांपर्यंत सरकत नाही. मॅग्नेशियमचेही थोडेफार तसेच आहे. जमिनीत ते असते, पण चुन्याच्या आणि अमोनियम खताच्या गर्दीत मुळे ते कमी घेतात.

दुसरा घोळ बाटल्यांचा. राज्यात सूक्ष्म अन्नद्रव्यांचे ग्रेड-१ जमिनीतून द्यायला आणि ग्रेड-२ फवारणीसाठी आहे. ग्रेड-२ मध्ये लोह, जस्त, मंगल, तांबे, बोरॉन आणि मॉलिब्डेनम असते. मॅग्नेशियम नसते, कारण ते सूक्ष्म नव्हे, दुय्यम अन्नद्रव्य आहे. तरी लाल्यावर हमखास म्हणून हीच बाटली खपते. तिच्यासोबत दिलेल्या मॅग्नेशियम सल्फेटने गुण आला की श्रेय बाटलीला मिळते.

मग शेतावर काय करायचे? समजा अमळनेरकडे मध्यम जमिनीत जूनच्या मध्याला लावलेली कोरडवाहू बीटी आहे. लागवडीला १०:२६:२६ दिले, महिन्याने युरिया दिला, त्यानंतर काही नाही. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात खालची पाने जांभळट, शिरा हिरव्या, पानामागे तुडतुडे क्वचित. आधी सकाळी पाने उलटून पाहायची आणि शेताच्या कडेला, मध्ये, उताराला अशी वेगवेगळी झाडे तपासायची. मग जमिनीत ओल असताना चार पट्टे पाडायचे, प्रत्येकी दोन-दोन ओळींचे. एकावर नुसते पाणी फवारायचे. दुसऱ्यावर २ टक्के युरिया, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ३०० ग्रॅम. तिसऱ्यावर १ टक्का मॅग्नेशियम सल्फेट, पंपाला १५० ग्रॅम. चौथ्यावर १३:००:४५ पंपाला १५० ग्रॅम. फवारणी सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर घ्यायची, भर उन्हात द्रावण पानावर वाळते आणि पान भाजते. डीएपी आणि मॅग्नेशियम सल्फेट एका पंपात कालवायचे नाही, पांढरा साका बसतो आणि नोझल तुंबते.

आठ-दहा दिवसांनी पाहताना लोक लाल पानाकडे पाहतात, तिथे चुकते. लाल झालेले पान बहुधा परत हिरवे होत नाही. फवारणीच्या दिवशी लालीच्या लगेच वरच्या हिरव्या पानाला दोरा बांधून ठेवायचा आणि लाली त्याच्या वर चढली का, तेवढेच पाहायचे. मॅग्नेशियमच्या पट्ट्यात ती थांबली आणि नुसत्या पाण्याच्या पट्ट्यात चढली, तर निदान झाले. मग दहा-पंधरा दिवसांनी आणखी एक फवारणी पूर्ण शेतावर घेता येते. युरियाच्या पट्ट्यात झाड उठले तर मुख्य भूक नत्राची होती. चारही पट्टे सारखेच राहिले तर खतावरचा पुढचा खर्च थांबवून मुळे उपटून पाहायची, ओल पाहायची, तुडतुडे पुन्हा मोजायचे.

२०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका घरोघरी पोहोचल्या, तेव्हा हा सगळा प्रश्न कागदावर सुटेल असे वाटले होते. पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब असे बारा रकाने आहेत. मॅग्नेशियमचा रकाना नाही. शिवाय कोरडवाहू भागात नमुना दहा हेक्टरच्या चौकोनातून एक घ्यायचा असे ठरले होते. त्यामुळे लाल्या आलेल्या शेताला त्या पत्रिकेतून उत्तर मिळत नाही. मॅग्नेशियम हवे असेल तर प्रयोगशाळेत वेगळे सांगून तपासून घ्यावे लागते, आणि खताआधी, उन्हाळ्यात नमुना काढावा लागतो.