दुसरा फरक निम्मा का करतात, याची मागची गोष्ट

ऐरोलीला बहिणीकडे गेलो होतो तेव्हा भाच्याने वही पुढे केली, त्याचं बोर्ड आयजीसीएसई, आपण एसएससीवाले, दहावीला अंकगणिती श्रेढी केली की विषय संपला. त्याच्याकडे मात्र फरक सारखा येत नाही अशी क्रमिका, ४१, ४३, ४७, ५३, ६१. फरक काढले २, ४, ६, ८ आणि त्या फरकांचे फरक २, २, २. पुढची स्टेप पाठ होती, "दुसरा फरक भागिले दोन, तो n² चा गुणक", पण दोनने का भागायचं हे मामा सांग म्हणाला.

ही कल्पना तशी फार जुनी आहे. ब्रह्मगुप्ताने ६६५ मध्ये खंडखाद्यकात ज्येच्या, म्हणजे आजच्या साइनच्या, कोष्टकातल्या दोन नोंदींमधली किंमत काढायला नुसता फरक नाही, तर फरकांमधल्या फरकाचा निम्मा भागही वापरलाय. तिकडे युरोपात ग्रेगरी आणि न्यूटन यांनी सतराव्या शतकात हेच कितीही पातळ्यांच्या फरकांसाठी मांडलं.

निम्मं का, ते असं. पहिलं पद ४१. n व्या पदापर्यंत पोचायला पहिला फरक २ हा (n−1) वेळा मिळवायचा. पण प्रत्येक पायरीला फरक अजून २ ने वाढतो, मग ते वाढीव २ किती वेळा आले? 0+1+2+…+(n−2), म्हणजे (n−1)(n−2)/2 वेळा. तो भागिले दोन इथून येतो, पहिल्या n संख्यांच्या बेरजेतून!

```
41 + 2(n−1) + 2·(n−1)(n−2)/2 = n² − n + 41
```

n=5 टाकला की ६१, बरोबर. भाच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आता हीच क्रमिका मी मुद्दाम घेतली नाही, पण ती प्रसिद्ध निघाली. चार्ल्स बॅबेजने १८२२ मध्ये डिफरन्स इंजिनचं छोटं मॉडेल दाखवलं तेव्हा त्यावर x²+x+41 चं कोष्टक काढलं, कारण यंत्राला गुणाकार करायचाच नाही, दुसरा फरक २ एकदा सेट केला की पुढे नुसत्या बेरजा. मग भाच्याचं उत्तर n²−n+41 आणि बॅबेजचं x²+x+41 वेगळं का? बॅबेजची मोजणी ० पासून, आपली १ पासून, x च्या जागी n−1 टाका, तेच येतं. मुलांचे मार्क इथेच जातात, म्हणून पहिलं पद टाकून बघायचंच.

अजून एक, तीनच पदं दिली असतील तर दुसरा फरक एकच मिळतो, तो स्थिर आहे की नाही हे तपासायला काही उरतच नाही, निदान चार पदं हवीत. आणि चार जुळली तरी पाचवं जुळेलच असं नाही. बराच वेळ टिकलेला नमुना कसा मोडतो ते इथेच बघा, याच क्रमिकेची पहिली ४० पदं मूळ संख्या आहेत, एक्केचाळिसावं मात्र 41×41.